एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं : ईएनटी सर्जनला लिहिलेल्या चिठ्ठीत माझं काय चुकलं?

तालुका_ओपीडी (धागाकर्ता) · गुरुवार, रात्री 9:20

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. आज सकाळी पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ आले होते, वय 47. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सोमवारी उठल्यावर त्यांनी सवयीने डाव्या कानाला फोन लावला, तर समोरचा माणूस बोलेचना. फोन बिघडला असं समजून पोराचा फोन घेतला, तोही मुका. उजव्या कानाला लावला तेव्हा कळलं की फोन चांगला आहे, कान गेलाय. तेव्हापासून त्या कानात आवाज येतोय. त्यांच्याच शब्दांत, "कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ फुसफुसते ना, तसं, चोवीस तास." पहिल्या दिवशी थोडं गरगरलं, मग थांबलं. कान दुखत नाही, वाहत नाही. मधुमेह आठ वर्षांपासून, गोळ्या चालू.

कान तपासला. मळ नाही, पडदा स्वच्छ. ट्यूनिंग फोर्कने रिने केली, डावीकडे निगेटिव्ह. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ईएनटी सर्जनना चिठ्ठी दिली, ती अशी (मूळ इंग्रजीत आहे):

> आदरणीय डॉक्टर, हा पेशंट पाठवत आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते व कानात आवाज येतो. मधुमेही. गिरणीत काम करतो. पडदा नॉर्मल. रिने डावीकडे निगेटिव्ह, कंडक्टिव्ह दोष? कृपया तपासून योग्य ते करावे. धन्यवाद.

त्यांच्या रिसेप्शनला पेशंटने फोन केला तर पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. म्हणजे बारा दिवस. मनाला पटत नाहीये. चिठ्ठी बदलून देऊ का? आणि त्यात काय लिहू?

---

जुना_दवाखाना · गुरुवार, रात्री 9:41

अहो डॉक्टर, एवढं घाबरू नका. 31 वर्षं ओपीडी करतोय. कान बंद झाल्याच्या तक्रारीत बहुतेक वेळा मळ निघतो, नाहीतर सर्दीने घसा-कानाची नळी तुंबलेली असते. तुमची रिनेही तेच सांगते. नाकात थेंब, सर्दीची गोळी, पाच दिवस अँटिबायोटिक द्या, आठवड्याने बघा. बारा दिवसांनी जाईल तेव्हा तसाही बरा झालेला असेल.

आणि चिठ्ठी लांबवू नका. मोठे डॉक्टर चार ओळींपुढे वाचत नाहीत, हा अनुभव आहे.

---

सुनबाई_नाशिक · गुरुवार, रात्री 9:58

माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, त्यांनाही ऐकू येत नाही, टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारचे ओरडतात. त्यांना कोणत्या कंपनीचं मशीन घ्यावं? कानामागचं की आतलं? कोणीतरी लसूण घालून तापवलेलं तेल सुचवलंय, ते टाकलं तर चालेल का?

---

कानकोंडा · गुरुवार, रात्री 10:15

मी ईएनटी आहे, म्हणून आधी महत्त्वाचं. धागाकर्ते, या माणसाला उद्या पाठवा, बारा दिवसांनी नाही. सकाळी त्या सर्जनना स्वतः फोन करा. ते नसतील तर दुसऱ्यांकडे पाठवा, पण उद्याच.

मळ नाही, पडदा चांगला, सर्दीचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, आणि झोपेतून उठल्यावर एक कान गेलेला. हा नसेचा अचानक आलेला बहिरेपणा आहे असं धरूनच चालायचं, तो नाही हे सिद्ध होईपर्यंत. इंग्लंडच्या नाइस संस्थेची मार्गदर्शिका सांगते की 30 दिवसांच्या आत अचानक ऐकू येणं गेलेलं असेल आणि बाहेरच्या किंवा मधल्या कानात कारण दिसत नसेल, तर रुग्ण 24 तासांत तज्ज्ञापुढे बसला पाहिजे. आपल्याकडे तसा नियम नाही, पण कान तोच आहे. स्टिरॉइडचा काही उपयोग व्हायचा असेल तर तो मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत. तुमचा पेशंट चौथ्या दिवशी आला होता. मंगळवारी तो सोळाव्या दिवशी पोहोचेल.

आता चिठ्ठी. तुमच्याजवळ सगळी माहिती होती, पण ज्या एका गोष्टीने रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा जागी झाली असती ती कागदावर आलीच नाही : सोमवार सकाळ. "कमी ऐकू येते" हे दहा वर्षांचंही असू शकतं आणि दहा तासांचंही. माझ्या ओपीडीत आठवड्याला पन्नास चिठ्ठ्या "कमी ऐकू येते" म्हणून येतात.

दुसरं, वेबर केली होती का? केली असेल तर आवाज कुठल्या कानाला गेला?

सुनबाई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा. आधी ऑडिओमेट्री, मग मशीन. तेल मात्र नको, लसणीचं तर मुळीच नको.

---

तालुका_ओपीडी · गुरुवार, रात्री 10:31

वेबर केली होती. उजवीकडे गेली. रिनेशी जुळेना, म्हणून माझंच काहीतरी चुकलं असेल असं समजून लिहिली नाही.

---

कानकोंडा · गुरुवार, रात्री 10:52

तीच तर लिहायची होती!

काय झालं ते बघा. मधल्या कानाचा दोष असता तर वेबरचा आवाज आजारी कानात, म्हणजे डावीकडे मोठा यायला हवा होता. स्वतःच्या एका कानात बोट घालून गुणगुणा, आवाज बंद केलेल्या बाजूलाच घुमतो. तुमच्या पेशंटला तो उजवीकडे, चांगल्या कानात आला. म्हणजे डावी नस ऐकत नाहीये.

मग रिने निगेटिव्ह का आली? फोर्क डाव्या कानासमोर धरलात तेव्हा त्याला काहीच ऐकू आलं नाही, कारण तो कान जवळपास मेलेला आहे. मग तोच फोर्क डाव्या कानामागच्या हाडावर टेकवलात, आणि तो म्हणाला "आता येतोय." खरं बोलला बिचारा. पण ऐकत होता उजवा कान. कवटीचं हाड आवाजाला डावं-उजवं कळू देत नाही, एका बाजूला टेकवलेला आवाज जवळजवळ तेवढाच दुसऱ्या बाजूला पोहोचतो. तुम्ही विचारलंत "कुठे मोठा येतो, पुढे की मागे?" तो म्हणाला मागे. त्याने कुठल्या कानाने ऐकलं हे कोणीच विचारलं नाही.

याला आम्ही खोटी निगेटिव्ह रिने म्हणतो. कान जितका जास्त गेलेला तितकी ही फसवणूक पक्की, हा त्यातला दुष्टपणा. पुन्हा कराल तेव्हा दुसऱ्या हाताने उजव्या कानापुढची कूर्चा दाबून चोळत राहा, किंवा मदतनिसाला त्या कानाजवळ कागद चुरगळायला सांगा. उजवा कान त्या खुडबुडीत गुंतला की डावा उघडा पडतो.

चिठ्ठीत "रिने निगेटिव्ह, कंडक्टिव्ह?" वाचल्यावर मीसुद्धा मनात म्हटलं असतं, पडद्यामागे पाणी असेल, येऊ दे सावकाश.

---

ध्वनिलेखा · गुरुवार, रात्री 11:10

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानकोंडा सरांनी फोर्कचं सांगितलं, तीच चूक ऑडिओमेट्रीतही होते. चांगल्या कानात सुसाट वाऱ्यासारखा आवाज सोडून तो गुंतवून ठेवला नाही, तर मेलेल्या कानाचा आलेख निम्म्या उंचीवर छान दिसतो आणि हाडावरची रेषा तर नॉर्मल येते. तो खरं तर चांगल्या कानाचा पडछाया-आलेख असतो. घाईत किंवा गोंगाटाच्या खोलीत केलेल्या तपासण्यांमध्ये असे आलेख मी पाहिले आहेत. पेशंटचा रिपोर्ट हातात आला की मास्किंग केल्याची खूण आहे का ते बघा.

चिठ्ठीत माझ्यासाठीही एक ओळ हवी असते : आवाज सहन होतो का. काहींना नवीन आवाजाचा प्रचंड त्रास होतो, मग तपासणी हळू करावी लागते.

---

जुना_दवाखाना · गुरुवार, रात्री 11:24

रिनेचं हे मला माहीत नव्हतं, मान्य करतो. आमच्या वेळी शिकवलं असेल, विसरलो.

पण एक विचारतो. गिरणीवाला आहे, रात्रंदिवस घरघर. आवाजाने कान गेला नसेल कशावरून? आणि मधुमेह्याला साठ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन ठोकायचं, ते कोणी निस्तरायचं? शेवटी साखर घेऊन तो आमच्याच दारात येतो.

---

कानकोंडा · गुरुवार, रात्री 11:40

गिरणीचा आवाज दोन्ही कान हळूहळू, वर्षांनुवर्षं आणि साधारण सारखेच खातो, आधी वरचे सूर. एका रात्रीत एकच कान खात नाही. हां, फटाका कानाशी फुटला किंवा डीजेच्या भिंतीला टेकून नाचला असेल तर गोष्ट निराळी, म्हणून तेही विचारायचं.

साखरेचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच चिठ्ठीत एचबीएवनसी, शेवटची साखर, बीपी, किडनी, काचबिंदू, पूर्वी टीबी झालाय का, हे हवं. आणि एक वाक्य असं की "स्टिरॉइड सुरू केलंत तर साखर मी बघतो." ते वाचलं की समोरच्याचा हात मोकळा होतो. नाहीतर आम्ही "मधुमेही" एवढं वाचून बिचकतो आणि मिथाइलकोबालामिन लिहून मोकळे होतो. त्याने काही बिघडत नाही, पण दिवस जातात.

---

शब्द_हरवले · गुरुवार, रात्री 11:55

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. ठाण्यात राहते, वय 52. माझा उजवा कान अचानक नाही गेला. दोन-अडीच वर्षं फोन डाव्या कानाला धरायला लागले होते, एवढंच. उजवीकडे आवाज यायचा पण शब्द कळायचे नाहीत, जणू शेजारच्या खोलीत कोणीतरी बोलतंय. बारीक गुणगुण चालू असायची. दोन ठिकाणी "नस कमजोर आहे, वयाचं आहे" ऐकून गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "वयाचं आहे तर दुसरा कान वयाचा नाही का?" आणि एमआरआय करायला लावला. ऐकण्याच्या नसेजवळ गाठ निघाली, दीड सेंटिमीटरच्या आसपास. साधी आहे, कॅन्सर नाही. सध्या नुसतं लक्ष ठेवून आहेत, दर वर्षी एमआरआय.

या गिरणीवाल्या काकांना गाठ असेल असं म्हणत नाही. पण "एकाच कानाने" हा शब्द माझ्या पहिल्या दोन्ही चिठ्ठ्यांत नव्हता. जुन्या फाइलमध्ये आजच बघितलं.

---

कानकोंडा · शुक्रवार, सकाळी 6:50

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. अचानक कान गेलेल्यांमध्येही थोड्यांना हीच गाठ निघते. म्हणून स्टिरॉइडने ऐकू आलं तरी एमआरआय टळत नाही, तो करायचाच. डोक्याचा साधा सीटी स्कॅन त्यासाठी पुरत नाही, छोटी गाठ त्यात सुटते. धागाकर्ते, तो सीटी तुम्ही आधी काढून पाठवू नका, पेशंटचे पैसे वाचवा. क्रिएटिनिन तेवढं करून ठेवा, कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधी ते विचारतील.

---

तालुका_ओपीडी · शुक्रवार, सकाळी 8:05

रात्री झोप नव्हतीच. पेशंटला सकाळी सातला बोलावलं, उजवा कान चोळत रिने पुन्हा केली. डावीकडे पुढेही नाही, मागेही नाही. काहीच ऐकू येत नाही म्हणाला. स्वतः सर्जनना फोन केला, ते म्हणाले अकरा वाजता पाठव. ही नवी चिठ्ठी :

> तातडीचे : डाव्या कानाचा अचानक बहिरेपणा, आज पाचवा दिवस
>
> पुरुष, 47. सोमवारी सकाळी उठल्यावर डाव्या कानाचे ऐकू येणे गेले, रविवारी रात्री व्यवस्थित होते. त्याच वेळेपासून डावीकडे सतत फुसफुस, नाडीबरोबर ठोके नाहीत. पहिल्या दिवशी थोडी चक्कर, आता नाही. कान दुखणे, वाहणे, सर्दी, डोक्याला मार, मोठा आवाज : नाही. चेहरा वाकडा नाही, चेहऱ्याला बधिरता नाही, चालणे नीट. पूर्वी दोन्ही कान चांगले.
>
> दोन्ही पडदे नॉर्मल, मळ नाही. 512 चा फोर्क : वेबर उजवीकडे. उजवा कान गुंतवून डावी रिने केली असता हवेतून व हाडावरून दोन्हीकडे ऐकू येत नाही. काल मी रिने निगेटिव्ह लिहिली होती, ती खोटी होती.
>
> मधुमेह 8 वर्षे, मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड. गेल्या महिन्यात एचबीएवनसी 8.1. बीपी 134/84. वजन 68 किलो. क्रिएटिनिन आज पाठवले आहे. टीबी, काचबिंदू, अल्सर नाही. कानाला घातक औषध घेतलेले नाही. शरीरात पेसमेकर वा धातू नाही. स्टिरॉइड अजून दिलेले नाही.
>
> विनंती : आज ऑडिओमेट्री, आणि स्टिरॉइडचा निर्णय. सुरू केल्यास साखर मी सांभाळतो, रोज कळवतो.

लांब झाली का?

---

जुना_दवाखाना · शुक्रवार, सकाळी 8:30

झाली. पण पहिल्या ओळीतच काम भागलं, बाकी त्यांनी निवांत वाचावं. चार ओळींचं मी म्हणालो होतो ते मागे घेत नाही, पहिल्या चार ओळी नीट लिहा असं म्हणतो.

"काल मी लिहिली होती ती खोटी होती" हे मात्र लिहायचं धाडस मी केलं नसतं.

---

कानकोंडा · शुक्रवार, सकाळी 8:44

ते राहू द्या. कालची चिठ्ठी पेशंटच्या खिशात आहेच. दोन कागद दोन गोष्टी सांगत असतील तर मी दुसऱ्यावर विश्वास का ठेवू? आता कारण कळलं.

नाडीबरोबर ठोके नाहीत हे लिहिलंत तेही बरं. ठोके असते तर शोध रक्तवाहिन्यांच्या दिशेने वळला असता.

---

सह्याद्री_एमओ · शुक्रवार, दुपारी 1:15

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. इथून ईएनटी 70 किलोमीटर, ऑडिओमेट्री त्याहून लांब. असा पेशंट शनिवारी संध्याकाळी आला तर? मी स्वतः स्टिरॉइड सुरू करू का, की सोमवारपर्यंत थांबू?

---

कानकोंडा · शुक्रवार, दुपारी 2:40

यावर आमच्यात एकमत नाही. माझं मत : पडदा स्वच्छ, वेबर चांगल्या कानात, स्टिरॉइडला मोठी अडचण नाही आणि ईएनटी दोन दिवसांत मिळणार नाही, तर ईएनटीशी फोनवर बोलून किलोला 1 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 60, सकाळी एकदाच, आणि चिठ्ठीत पहिल्या गोळीची तारीख-वेळ. माझे काही सहकारी म्हणतात आलेखाशिवाय गोळी नको, कारण मग किती गेलं होतं आणि किती आलं हे कळणार नाही. त्यांचंही खरं आहे. शिवाय बऱ्याच जणांचा कान औषधाशिवायही सुधारतो, त्यामुळे गोळीला किती श्रेय द्यायचं हे अजून नीट ठरलेलं नाही. फोर्क नसेल आणि पेशंट फोनवर असेल तर त्याला गुणगुणायला सांगा आणि कुठल्या कानात मोठं येतं ते विचारा. कामचलाऊ वेबर.

---

तालुका_ओपीडी · तीन आठवड्यांनंतर, रविवार

खबर द्यायची राहिली. त्याच शुक्रवारी ऑडिओमेट्री झाली : उजवा कान सरासरी 15 डेसिबल, डावा 78, हाडावरची रेषाही खाली, मास्किंगची खूण होती. संध्याकाळी 60 मिलिग्रॅमची पहिली गोळी, पुढे रोज सकाळी. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतरची साखर 312 गेली. उपाशीपोटीची 140 होती, म्हणजे नुसती तीच बघत बसलो असतो तर फसलो असतो. सकाळच्या गोळीबरोबर एनपीएच इन्सुलिन जोडलं, गोळी कमी होत गेली तसं तेही कमी केलं.

दोन आठवड्यांनी डावा कान 46 वर आला. सर्जनांनी पडद्यातून कानात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, त्याची पहिली फेरी झाली आहे. एमआरआयत गाठ नाही. फुसफुस कमी झाली, गेली नाही. दिवसा गिरणीत कळत नाही म्हणतो, रात्री दिवा घालवला की सुरू होते. घरात पंखा चालू ठेवायला सांगितलंय.

एक मनात राहिलंय : मधुमेही होता तर पहिल्यापासूनच कानातलं इंजेक्शन द्यायला हवं होतं का, म्हणजे साखर चढलीच नसती?

---

कानकोंडा · रविवार, रात्री 8:10

मी दिलं असतं कदाचित. तुमच्या सर्जनांनी गोळी दिली, तेही चूक नाही. पडद्यातून टोचायला दर फेरीला इतक्या लांब यावं लागतं, गिरणी बंद ठेवून. त्यांनी ते धरलं असेल.

---

जुना_दवाखाना · रविवार, रात्री 9:05

काल माझ्याकडे तसाच एक आला, मास्तर, तीन दिवसांपासून उजवा कान बंद. फोर्क काढला, वेबर केली, तर म्हणतो आवाज येत नाही, कपाळाला गुदगुल्या होतात. मग बघितलं तर माझा फोर्क 128 चा निघाला, मधुमेह्यांच्या पायाची थरथर तपासायला घेतलेला. गुणगुणायला लावलं, डावीकडे मोठं येतंय म्हणाला. पाठवला लगेच, पहिल्या ओळीत तारीख घालून.

512 चा कुठे मिळतो, पुण्यात कोणाला ठाऊक आहे का?